प्रतिसाद: ‘इज’ गाळलं की झालं?

‘इंग्रजीतलं इज गाळलं की रशियन वाक्य तयार’ हे वर्तमानकाळापुरतंच खरं. ‘भाऊ डॉक्टर आहे’ म्हणजे ‘ब्रात — व्राच’. दोन्ही नामं प्रथमेत असली की लिहिताना मध्ये आडवी रेघ येते. कर्ता सर्वनाम असेल तर सहसा रेघही नाही: ‘ओन व्राच’.

खरी गोची भूतकाळात होते. तिथे क्रियापद परत येतं आणि ‘डॉक्टर’ बहुधा तृतीयेत जातो: ‘ओन बिल व्राचोम’. भविष्यातही तेच, ‘ओन बूदेत व्राचोम’. शिकणारे नेमके इथे ‘व्राच’ तसाच ठेवतात. मराठीत ‘तो डॉक्टर होता’ म्हणताना ‘डॉक्टर’ला काहीच होत नाही, त्यामुळे ही चूक आपल्या कानाला खटकतही नाही. म्हणून नवं नाम पाठ करताना त्याचं तृतीयेचं रूपही सोबतच घोकावं.