‘डिफरन्शियल’ला मराठीत काय लिहू?

जळगावकर: ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. ‘विभेदी दंतचक्र’ लिहिलं. गॅरेजमधल्या मिस्त्रींना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “हे कोन्तं भो? डिप्रेशन लिहा ना!” आता काय ठेवू?

शब्दवेडी: विभेदीच ठेवा. डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार.

रावेरचा केळीवाला: आमच्याकडे ट्रॅक्टरलाच होतो तो. काळ्या मातीत एक चाक भरलं की बसला.

पिंटू: बरोबर. डिफरन्शियल वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देतं, म्हणून ते जास्त फिरतं. ‘बलवाटप’ म्हणा.

नानाभाऊ मिस्त्री: ताकद नाही रे बाबा, फेरे. मागच्या दोन चाकांत 1.4 मीटर अंतर धर. बांधावर अर्धा वळसा घेतला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा 4.4 मीटर जास्त चालतं. वळसा लहान घे की मोठा, फरक तेवढाच. मोठ्या टायरचा घेर चारेक मीटर, म्हणजे एक फेरा जास्तच. दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की असती, तर एकाला घासत जावं लागलं असतं. आतले स्टार गियर चाकांना मागेपुढे व्हायची मुभा देतात, बस. कोणतं किती फिरेल ते जमीन ठरवते. वळताना डाव्या ब्रेकवर पाय दे. डावं चाक थांबतं आणि उजवं दुप्पट पळतं, कारण दोघांची सरासरी इंजिन फिरवतं त्या क्राउन चाकाएवढीच राहते.

पिंटू: मग केळीवाल्याचं का बसतं?

नानाभाऊ मिस्त्री: ताकद दोघांना सारखीच जाते म्हणून. चिखलातलं चाक मोकळं गरगरतं, त्याला जोर लागतच नाही. मग कोरड्यातल्यालाही तेवढाच मिळतो. तेव्हा दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफ लॉक दाबायचा, सरळ निघायचं आणि वळायच्या आधी सोडायचा. लॉक दाबून कडक जमिनीवर वळलं की ट्रॅक्टर सरळच ओढतो आणि एखाद्या दिवशी आतलं काहीतरी तुटतं.

संध्या_धुळे: माझ्या गाडीचं पुढचं डावं टायर एका कडेने झिजतंय. डिफरन्शियलच असेल ना?

नानाभाऊ मिस्त्री: नाही ताई, अलाइनमेंट बघा आधी.

अमळनेरचे काका: बैलगाडीला हे लागतच नाही. चाकं आसावर आपापली फिरतात, कारण ओढतो बैल, आस नाही. आणि शब्द हवा तर खळ्यात बघा. पातीत मेढीजवळचा बैल सावकाश, कडेचा झपाझप. हेच की!

शब्दवेडी: मेढ? आमच्याकडे त्या खांबाला तिवडा म्हणतात.

अमळनेरचे काका: तुमच्याकडे म्हणजे कुठे? खान्देशात मेढच.

रावेरचा केळीवाला: माझी आजी तिवडाच म्हणायची, आणि ती चोपड्याची.

अमळनेरचे काका: आजीने माहेरून आणला असेल तो शब्द.

जळगावकर: पुस्तिका सोमवारी द्यायचीय हो. ‘डिफरन्शियल’च लिहितो, आणि कंसात ‘फेरेवाटप’?

शब्दवेडी: कंस नको!

रावेरचा केळीवाला: तिवडाच.