मदत हवी आहे: फक्त महिलांचं पार्लर, पण आई-सासूबरोबर आलेल्या मुली परत येत नाहीत

नवं_पार्लर: चार महिने झाले पार्लर सुरू करून. आमच्याकडे जुन्या वळणाची घरं जास्त. घरातलं मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुली येत नाहीत, म्हणून मुद्दाम हेच गिऱ्हाईक धरायचं ठरवलं. बोर्डवर मोठ्या अक्षरांत 'फक्त महिलांसाठी' आहे, पुढच्या काचेला फिल्म आहे, कामाला तिन्ही मुलीच. पहिल्यांदा आई-मुलगी किंवा सासू-सून येतात, काम आवडतं, हसत जातात. दुसऱ्यांदा कोणी येत नाही. फोन केला तर 'बघू' म्हणतात. काम आणि स्वच्छता चांगली आहे, तो प्रश्न नाही. जाहिरातीत नेमकं काय लिहिलं म्हणजे या घरांचा विश्वास बसेल? कृपया 'धीर धरा' सांगू नका, भाडं थांबत नाही.

दारोदारी: दुकान बंद करा आणि घरी जाऊन काम करा. मी सहा वर्षं तेच करते. बाईच्या स्वतःच्या खोलीत काम, सासू शेजारी बसलेली, भाड्याचा प्रश्नच नाही. अशा घरांना दुकानात आणण्याचा हट्ट कशाला?

नवं_पार्लर: ताई, गाळ्याचा करार तीन वर्षांचा आहे. दुकान बंद करायचं विचारलेलं नाही.

काचवाली: फिल्म कोणती लावली आहे? आरशासारखी असेल तर झकास, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आमच्याकडे तीच आहे. जोडीला बोर्डवरचे मॉडेलचे फोटो काढून टाका, नुसती अक्षरं ठेवा. एवढं केलं की काम झालं.

पडद्याआड: काचवाली, बोर्डचं पटलं, फिल्मचं अर्धंच बरोबर आहे. आरशासारखी फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूने आरसा होते. दिवसा बाहेर ऊन असतं म्हणून आतलं दिसत नाही. संध्याकाळी आत दिवे लागले आणि बाहेर अंधार पडला की उलटं होतं. आतल्या बायकांना काचेत स्वतःचं तोंड दिसतं आणि रस्त्यावरून अख्खं पार्लर दिसतं. आतून हे कधीच कळत नाही.

नवं_पार्लर, मी सतरा वर्षं याच कामात आहे. जाहिरातीचं नंतर बघू, आधी चार गोष्टी सांगा. संध्याकाळी दिवे लावून रस्त्यावर उभं राहून पाहिलं आहे का? काउंटरवर कोण बसतं? कॅमेरे आहेत का, आणि कुठे? अपॉइंटमेंटची आठवण कशी देता?

नवं_पार्लर: काउंटरवर मीच. बाहेर उभं राहून पाहिलं नाही, आज बघते. आठवणीचा मेसेज सॉफ्टवेअरमधून आपोआप जातो. कॅमेरे सगळ्यांकडे असतात तसे दोन, चोरीसाठी. त्यांचा इथे काय संबंध?

रंगछटा: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मेंदी लावलेल्या केसांवर रंग नीट चढत नाही, त्यासाठी काय करावं? कोणी सांगितलं तर बरं होईल.

काचवाली: रंगछटा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. तोपर्यंत एका बटेवर करून बघा, डोकंभर लावू नका.

पडद्याआड: कॅमेऱ्यांचाच संबंध आहे. दोन्हींचं तोंड कुठे आहे? आणि मोबाइलवर कोणाला दिसतं?

नवं_पार्लर: एक काउंटरवर, दुसरा हॉलमध्ये खुर्च्यांच्या वर. वॅक्सिंगच्या खोलीत अर्थातच नाही. मोबाइलवर मला आणि ह्यांना दिसतं. बसवला तेव्हा ह्यांनीच सेट केला. ते दिवसभर त्यांच्या कामावर असतात, बघत बसत नाहीत.

पडद्याआड: ताई, तुमचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

बोर्डवर लिहिलं आहे पुरुष नाही. आत डोकं उघडं टाकून, ओढणी बाजूला ठेवून बाई खुर्चीत मागे रेलते आणि वर तिला कॅमेरा दिसतो. बरोबरची सासू तर काम चालू असताना चारही बाजू न्याहाळत बसलेली असते, तिला आधी दिसतो. तुमचे यजमान बघतात की नाही हा मुद्दाच नाही. त्यांना बघता येतं एवढं पुरे. तोंडावर कोणी बोलत नाही, तुमच्याकडे पाहून हसते आणि 'बघू' म्हणते. माझ्याकडे सुरुवातीला असंच झालं होतं. दीड वर्षाने एका बाईने दारात थांबून हळूच विचारलं, 'ते वरचं चालू असतं का हो?' तोपर्यंत किती जणी न विचारता गेल्या, त्याचा हिशोब नाही.

हॉलमधला कॅमेरा बंद करून ठेवू नका, उतरवा. बंद कॅमेरा आणि चालू कॅमेरा खालून सारखाच दिसतो. भिंतीवरचं भोकही बुजवा. काउंटरचा कॅमेरा गल्ल्यावर आणि दारावर राहू द्या, पण त्याच्या चित्रात खुर्ची किंवा आरसा येतो का ते पडद्यावर तपासा. आवाज रेकॉर्ड होत असेल तर तो बंद करा, काउंटरवरच बायका काय करायचं ते सांगतात. यजमानांच्या फोनमधून नुसतं ॲप काढून भागणार नाही. पासवर्ड बदला आणि जोडलेल्या फोनच्या यादीतून त्यांचा फोन काढा. रेकॉर्डिंगचा डबा कुलपात, किल्ली तुमच्याकडे.

स्पष्टवक्ती: मला या धाग्याचा सूरच खटकतो. 'घरांचा विश्वास', 'सासू काय बघते'. खुर्चीत बसते ती मुलगी. विश्वास तिचा मिळवायचा. सासूला खूष करायला निघालात तर उद्या सासू सांगेल तेवढेच केस कापाल.

दारोदारी: सासू तयार नसेल तर मुलगी खुर्चीपर्यंत येतच नाही, हे तुम्ही धरत नाही. म्हणून म्हणते, घरी जा.

स्पष्टवक्ती: घरी जाऊन सासूसमोर काम केलं तर त्या मुलीला मोकळेपणा कुठला? तुमच्या पद्धतीत खाजगीपणा घराचा राहतो, तिचा नाही.

दारोदारी: माझ्या बायका खूष आहेत.

पडद्याआड: स्पष्टवक्तींचं म्हणणं मला पटतं, आणि ते मी चूक करून शिकले. माझ्याकडे एक फार गोड मुलगी होती. एक सासूबाई आल्या तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, 'गेल्या आठवड्यात तुमच्या सूनबाईंचे केस रंगवले ना, काय छान दिसत होत्या!' सासूबाईंना सून येऊन गेल्याचंच माहीत नव्हतं. दोघीही परत आल्या नाहीत, आणि त्यांच्या नात्यातल्या आणखी तिघी. तेव्हापासून मुलींना एकच पाठ देते: एका गिऱ्हाइकाचं नाव दुसऱ्यासमोर काढायचं नाही, कौतुकालासुद्धा नाही. कोणी 'ती येते का तुमच्याकडे?' विचारलं तर 'आम्ही कोणाचंच सांगत नाही, तुमचंही सांगणार नाही' म्हणायचं. हे वाक्य ऐकून विचारणारी स्वतः निर्धास्त होते.

नवी मुलगी ठेवताना मी हात बघते ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी जुन्या जागेबद्दल विचारते. तिथल्या गिऱ्हाइकांचे किस्से रंगवून सांगायला लागली की नाही म्हणते. उद्या ती माझ्याकडचे सांगेल.

नवं_पार्लर: आठ वाजता बाहेर जाऊन आले. हात गार पडले. फिल्ममधून आतलं सगळं दिसतं. शिवाय दार उघडलं की समोरच्या मोठ्या आरशात मागच्या खुर्चीवरची बाई रस्त्यावरून सरळ दिसते. माझी मुलगी तिथे बसली होती, तिचे डोळे मला दिसले. चार महिने मी सगळ्यांना सांगत होते की इथे कोणाची नजर नाही.

पडद्याआड: वाईट वाटून घेऊ नका, आत काम करणाऱ्याला हे दिसतच नाही. आरशाची खूण साधी आहे: तिच्या खुर्चीत बसून आरशात रस्ता दिसला, तर रस्त्यावरच्याला ती दिसते. आरसा हलवणं खर्चाचं असेल तर दाराच्या आत दोन हातांवर आडोसा उभा करा, दारापेक्षा रुंद आणि डोक्याच्या वर जाणारा. आलेली बाई त्याला वळसा घालून आत येईल. दार पूर्ण उघडं ठेवून बाहेरून डावीकडून, उजवीकडून आणि समोरून पाहा. काचेला आतून जाड पडदा लावा. दुधी फिल्म चालेल, पण काचेला लागून कोणी उभं राहिलं की सावली उमटते, म्हणून खुर्ची काचेपासून लांब.

काचवाली: मी पण आत्ता बाहेर जाऊन पाहिलं. पडद्याआड ताई बरोबर आहेत. उद्याच पडदे शिवायला टाकते.

पडद्याआड: आता मेसेज. जो जातो तो जसाच्या तसा इथे लिहा.

नवं_पार्लर: 'प्रिय ग्राहक, उद्या दुपारी ४ वाजता तुमची फुल बॉडी वॅक्सिंग अपॉइंटमेंट आहे.' सेवेचं नाव सॉफ्टवेअर स्वतः घालतं. काम झाल्यावर त्यांना मी ऑफरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पण घेते.

स्पष्टवक्ती: अहो, आणि तो फोन टेबलावर पडलेला असतो! बंद पडद्यावरसुद्धा ओळ दिसते. सासऱ्यांच्या हातात असेल तर?

पडद्याआड: मेसेजच्या नमुन्यातून सेवेचं नाव काढा. 'उद्या दुपारी ४ ची वेळ ठरली आहे. बदलायची असल्यास कळवा' एवढंच. आणि पहिल्याच भेटीत विचारा, 'कोणत्या नंबरवर कळवू, फोन की मेसेज, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू?' हे तिला एकटीला विचारायचं, केस धुताना वगैरे, काउंटरवर सगळ्यांसमोर नाही. काहीजणी म्हणतात, कळवूच नका, मी लक्षात ठेवीन. मग नाही कळवायचं.

ग्रुप आजच बंद करा. त्यात प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि कोण कोण तुमच्याकडे येतं त्याची यादीच तयार होते. ब्रॉडकास्ट यादी केलीत तर नंबर एकमेकींना दिसत नाहीत, पण तो मेसेज तुमचा नंबर साठवलेल्यांनाच पोचतो.

जाहिरातीचं विचारलं होतंत ना? हे सगळं झाल्यावर जे खरं आहे तेच लिहा: 'हॉलमध्ये कॅमेरा नाही. कोणाचाही फोटो काढत नाही. दुरुस्तीची माणसं पार्लर उघडण्याआधी येऊन जातात.' 'विश्वासू', 'संस्कारी' असले शब्द नकोत. ते सगळेच लिहितात, आणि 'संस्कारी' म्हटलं की बाकीच्या बायकांना आपण नावं ठेवल्यासारखं होतं. लिहिलेलं मोडायचं मात्र नाही. एसी मध्येच बिघडला तरी मेकॅनिक शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर.

नवं_पार्लर: हॉलचा कॅमेरा उतरवला, भोक बुजवलं. ह्यांना आधी वाईट वाटलं, 'माझ्यावर संशय का?' म्हणाले. मी त्यांना बाहेर नेऊन आरसा दाखवला, मग पटलं. पासवर्ड त्यांनी स्वतः मला बदलायला दिला. ग्रुप बंद केला. 'बघू' म्हणणाऱ्या दोघींना फोन केला, बदल सांगितले. एक म्हणाली, आई येऊन आधी बघून जाईल. दुसरीने उचलला नाही.

आता एक अडलं आहे. कालच एका आईचा फोन आला, 'माझी मुलगी आली होती, काय काय करून घेतलं तिने?' मुलगी वीस-एकवीसची. पैसे आईच देते. मी गडबडून 'नंतर सांगते' म्हटलं. काय सांगू?

काचवाली: पैसे आई देते म्हणजे आईला बिल दाखवायलाच हवं. लपवलंत तर तुम्हीच संशयात याल.

स्पष्टवक्ती: अजिबात नाही. मुलगी सज्ञान आहे. 'तिलाच विचारा' म्हणा.

पडद्याआड: मी सांगत नाही. 'तुमच्याबद्दल मुलीने विचारलं तरी मी सांगणार नाही' असं म्हणते आणि बिलावर फक्त रक्कम लिहिते. पण या उत्तरावर माझ्या दोन आया कायमच्या तुटल्या आहेत, हे तुम्हाला माहीत असू द्या. फोन करण्याआधी त्या मुलीशी बोला. आईला काय चालेल ते तिलाच ठाऊक असणार.

नवं_पार्लर: मुलीला मेसेज करणार होते, हात थांबला. तिचा नंबर म्हणून जो लिहून घेतला आहे तो आईचाच आहे.