२५ टक्के चढवले म्हणजे २५ सुटले असं नाही

> खरेदीवर २५ टक्के लावतो, सेलमध्ये २० टक्के सूट दिली तरी ५ टक्के उरतील ना?

काहीच नाही उरणार. २०० चा कुर्ता तुम्ही २५० ला लावला, आता सूट मोजणार २५० वर, म्हणजे गेले ५० आणि कुर्ता परत २०० लाच विकला, वर पिशवी नि भाडं खिशातून. आमच्याकडे एका दिवाळीत हेच झालं, गल्ला फुल्ल आणि होलसेलवाल्याचं बिल भागवून हातात शून्य! विक्रीवर २५ टक्के मार्जिन हवं असेल तर २०० ला ०.७५ ने भागा, साधारण २६७ येतात, म्हणजे खरेदीवर ३३ टक्के चढवायचे. त्यावर २० टक्के सूट दिलीत तरी तेरा-चौदा रुपयेच सुटतात हां.