मदत हवी आहे: प्रश्नसंचाला टॅग लावलेत, पण पेपर जमत नाही

वायरवाली_नागपूर

नमस्कार. मी नागपुरातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजात पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवते. आमच्या विभागाने गेल्या काही वर्षांतले उन्हाळी-हिवाळी पेपर, चाचण्या, असाइनमेंट असं सगळं एका एक्सेलमध्ये आणलंय. आठ-नऊशे प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नापुढे युनिट, सीओ, ब्लूमची पातळी आणि काठिण्य (सोपा, मध्यम, कठीण) असे चार रकाने भरलेत.

पेपर ६० मार्कांचा असतो. पाच युनिट, प्रत्येकी १२ मार्क, आणि प्रत्येक युनिटला "किंवा" असतो. फिल्टर लावून पेपर काढायला बसलो तर दोन गोष्टी दिसल्या. एक, जवळजवळ सगळे प्रश्न "मध्यम" आहेत. दोन, एसी सर्किटचे प्रश्न शंभराच्या वर असूनही हवा तसा सहा मार्कांचा प्रश्न सापडत नाही. येत्या सत्रात अभ्यासक्रम बदलतोय, त्याआधी हे नीट करायचंय. रकाने वाढवू की कमी करू?

इतवारी_एक्स्प्रेस

मॅडम, काठिण्याचा रकाना काढूनच टाका ना. एल१, एल२ म्हणजे सोपा, एल३ मध्यम, एल४च्या वर कठीण. एकाच गोष्टीचे दोन रकाने कशाला ठेवून राहिले? बाकी युनिट आणि मार्क मात्र वेगवेगळे पाहिजेतच, एका रकान्यात कोंबू नका.

जुने_मॉडरेटर

मार्कांबद्दल इतवारी भाऊंशी सहमत, ब्लूमबद्दल नाही. दोन प्रश्न घ्या.

पहिला: कॉइलचा रेझिस्टन्स १० ओहम, इंडक्टन्स ०.१ हेन्री, सप्लाय २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. करंट आणि पॉवर फॅक्टर काढा. रिअॅक्टन्स ३१.४, इम्पीडन्स सुमारे ३३, करंट जवळपास ७ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.३०. सूत्रं ओळीने लावत जायची.

दुसरा: एक कॉइल १०० व्होल्ट डीसीवर १० अँपिअर घेते आणि २३० व्होल्ट ५० हर्ट्झवर ६.९८ अँपिअर. रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स काढा. आकडे तेच, फक्त उलटे दिलेत. डीसीवर कॉइलचा फक्त रेझिस्टन्स दिसतो, हे मुलाच्या लक्षात आलं तर दोन मिनिटांत सुटतो. नाही आलं तर पान कोरं.

दोन्ही एकाच टॉपिकचे, एकाच सीओचे आणि दोन्ही एल३. काठिण्य मात्र एकसारखं नाही. उलट बाजूने, दोन वॉटमीटर पद्धतीची सिद्धता बहुतेक मुलं पाठ करून लिहितात, म्हणजे पातळी खालची, तरी फेझरच्या कोनांत मार्क जातात. म्हणून रकाने दोन्ही ठेवा.

"सगळं मध्यम" होतं कारण शब्दांना माप नाही. आम्ही विचारायचो, काठावर पास होणाऱ्या मुलाला यात सहापैकी किती मिळतील? साडेचार किंवा त्याहून जास्त असेल तर सोपा, अडीचपेक्षा कमी असेल तर कठीण, मधलं मध्यम. दोन शिक्षकांनी एकमेकांचं न बघता आकडा लिहायचा. दीडपेक्षा जास्त फरक आला तर बसून बोलायचं. बहुतेक वेळा प्रश्नाची भाषाच संदिग्ध निघते.

आणि वरचे दोन प्रश्न एका "कुटुंबाचे" आहेत. त्यांना सामाईक क्रमांक द्या. नाहीतर एकाच पेपरात दोन्ही येतील आणि पहिल्यातले आकडे दुसऱ्याचं उत्तर सांगून टाकतील.

धरमपेठ_फिजिक्स

आमच्या क्लासमध्ये नीटचे प्रश्न असतात. आम्ही अंदाज लावतच नाही. टेस्ट झाली की किती टक्के मुलांचं बरोबर आलं तेच काठिण्य. चारही पर्याय कोणी किती निवडले हेही ठेवतो. ज्या पर्यायाला कोणीच हात लावत नाही तो बदलायचा. तुमच्याकडे चुकीच्या पर्यायांसाठी रकाना आहे का?

वायरवाली_नागपूर

@धरमपेठ_फिजिक्स सर, आमचे प्रश्न वर्णनात्मक असतात, पर्याय नसतात. पण परीक्षेनंतरचा आकडा ठेवायची कल्पना घेतली. मिळालेल्या मार्कांची सरासरी भागिले प्रश्नाचे मार्क, असा वेगळा रकाना करते. अंदाज पुसणार नाही, शेजारी राहू देते.

@जुने_मॉडरेटर सर, आमच्या शीटमध्ये कॉइलचा प्रश्न "करंट, पॉवर फॅक्टर काढा आणि फेझर डायग्राम काढा" असा एकाच ओळीत आहे. त्याला सीओ कोणता द्यायचा?

जुने_मॉडरेटर

तिथेच तुमचा पेपर अडतोय. मार्क मिळतात त्या प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र ओळ करा. गणित चार मार्क, फेझर दोन मार्क, दोघांचा मूळ प्रश्न एकच. सीओ तुकड्याला लागतो, अख्ख्या प्रश्नाला नाही. "किंवा"च्या दोन्ही बाजूंना सीओ आणि मार्क सारखेच हवेत, नाहीतर नंतर सीओ अटेनमेंट काढताना कोणत्या मुलाचं काय मोजलं हेच कळत नाही.

अभ्यासक्रम बदलतोय म्हणालात. मग प्रश्नाच्या ओळीत "युनिट २" आणि "सीओ३" लिहूच नका. टॉपिकला स्वतःचा कोड द्या, जसं `AC-RL-SER`. अपेक्षित क्षमतेलाही तसाच द्या. कोणत्या वर्षी तो कोड कोणत्या युनिटमध्ये आणि कोणत्या सीओखाली, हे दुसऱ्या शीटवर. अभ्यासक्रम बदलला की ती एक शीट बदलायची, प्रश्नांना हात लावायचा नाही. एका ओळीला मुख्य टॉपिक एकच. दोन-तीन लावले की तोच प्रश्न दोनदा मोजला जातो.

वायरवाली_नागपूर

एसी सर्किट या एकाच युनिटवर करून बघितलं. उभ्या बाजूला क्षमतेचा कोड, आडव्या बाजूला काठिण्य, आणि चौकटीत हे सूत्र (`Q` शीटमध्ये C म्हणजे क्षमता, D काठिण्य, E मार्क):

```
=COUNTIFS(Q!$C:$C,$A2,Q!$D:$D,B$1,Q!$E:$E,6)
```

एका सेटला या युनिटचे सहा-सहा मार्कांचे चार प्रश्न लागतात. आम्ही तीन सेट देतो, म्हणजे बारा. मुख्य क्षमतेखाली सोपे भरपूर निघाले, मध्यम आणि कठीण मिळून नऊच. त्यातले काही एकाच कुटुंबातले, म्हणजे खरे आणखी कमी. रकाने वाढवून हे सुटणार नव्हतं, प्रश्नच नवे लिहावे लागतील. कुठल्या चौकटीत लिहायचे हे तरी दिसलं.

इतवारी_एक्स्प्रेस

कॉइलचं उदाहरण पटलं. पण एक सांगा, "किंवा" असल्यावर परीक्षेनंतरची सरासरी कशी धरता? कठीण प्रश्न हुशार पोरंच निवडतात, त्यांची सरासरी चांगली येते, आणि शीटमध्ये तो प्रश्न सोपा दिसून राहतो.

जुने_मॉडरेटर

बरोबर पकडलंत. आम्ही किती जणांनी निवडला तो आकडा शेजारी ठेवायचो आणि निम्म्यापेक्षा कमी असतील तर सरासरीवर विसंबायचो नाही. पण हा तोडगा कच्चाच आहे. सक्तीच्या चाचणीत तोच प्रश्न विचारला तर खरा आकडा मिळतो, मग मात्र तो प्रश्न मुलांनी पाहिलेला होतो.

वायरवाली_नागपूर

कुटुंबातला दुसरा प्रश्न चाचणीत विचारला आणि पहिला पेपरसाठी राखून ठेवला तर? पण कॉइलच्या जोडीत पाहिलं तसं, एकाच कुटुंबाचं काठिण्य सारखं असेलच असं नाही. कोणी हे करून पाहिलं असेल तर सांगा. तोवर निवडणाऱ्यांचा रकाना घालते आणि राहिलेली चार युनिटं याच पद्धतीने मोजायला घेते.