‘नगण्य’ कुणाच्या मानाने? (10⁻⁸ मोलर आम्लाच्या निमित्ताने)

रामबागची शिकवणी (इंदूर): अकरावीच्या मुलांसाठी टिपणं मराठीत करतेय. हिंदी पुस्तकातल्या ‘जल का स्वतः आयनन नगण्य मानते हुए’ या वाक्यातला ‘नगण्य’ मी तसाच ठेवला. पुढचंच गणित 10⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं होतं. एका मुलानं सरळ पीएच ८ काढून दिला. आम्ल टाकलं आणि पाणी आम्लारिधर्मी झालं! विचारलं तर म्हणतो, ‘तुम्हीच लिहिलंय नं, पाण्याचं धरायचं नाही.’ शब्द बदलू का? आणि ‘अतिविरल तीव्र आम्ल’ हे कानाला खटकतं, त्याचं काय?

बडोदेकर: खटकायला नको. तीव्र हा आम्लाचा स्वभाव आहे, पाण्यात पडलं की सगळं विघटन. विरल म्हणजे आपण थोडं टाकलं, एवढंच. तीव्रच्या उलट सौम्य, विरलच्या उलट संहत, या दोन जोड्या वेगळ्या ठेवा. गणितही अवघड नाही. पाण्याचे 10⁻⁷, आम्लाचे 10⁻⁸, बेरीज 1.1 × 10⁻⁷. पीएच ६.९६.

पीथमपूरची मावशी: बडोदेकर, जोड्या अगदी बरोबर, बेरीज मात्र थोडी घाईची. पाण्याचे 10⁻⁷ हे नुसत्या पाण्याचे, २५ अंशांना. बाहेरून हायड्रोजन आयन आले की समतोल मागे सरकतो आणि पाणी पूर्वीपेक्षा कमी फुटतं. तुमचाच आकडा तपासा: हायड्रोजन 1.1 × 10⁻⁷ आणि हायड्रॉक्साइड 10⁻⁷ धरले तर गुणाकार 1.1 × 10⁻¹⁴ येतो. तो 10⁻¹⁴ च यायला हवा.

म्हणून पाण्याचा वाटा x माना. पाणी फुटताना जितके हायड्रोजन तितकेच हायड्रॉक्साइड देतं, तेव्हा:

x (x + 10⁻⁸) = 10⁻¹⁴

वर्गसमीकरण सोडवलं की x = 9.5 × 10⁻⁸. त्यात आम्लाचे 10⁻⁸ मिळवा, 1.05 × 10⁻⁷ होतात, पीएच ६.९८. सातच्या जरासा खाली. आम्ल किंचितच आहे, तसाच आकडा.

आता ताई, तुमच्या शब्दाकडे. या द्रावणात दहातले नऊ हायड्रोजन आयन पाण्याचे आहेत. म्हणजे नगण्य म्हणायचंच तर आम्लाला म्हणा! 10⁻⁶ मोलरला पाण्याचा वाटा जेमतेम एक टक्का, तिथे सोडून द्या, पीएच ६ च राहतो. 10⁻⁷ ला मात्र ७ नाही, ६.७९ येतो.

ग्वाल्हेरचे तात्या: मग ‘नगण्य’ काढूनच टाका. न गण्य, गणनेत न धरण्याजोगं. ऐकणारा ते कायमचंच समजणार. ‘उपेक्षणीय’ बरा.

बडोदेकर: तात्या, तो तर आणखी जड! मुलं आधी त्याचाच अर्थ विचारतील. गुणाकाराची तपासणी मात्र पटली, मावशी.

सुदामानगर: विषयच निघालाय म्हणून विचारते. आमच्या आरओच्या पाण्याचा पीएच कागदी पट्टीवर सहाच्या आसपास दिसतो. मशीनवाले त्यात आम्ल घालतात का हो?

पीथमपूरची मावशी: नाही हो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. अगदी शुद्ध पाणी उघडं ठेवलं तरी ५.६ च्या आसपास उतरतं. शिवाय इतकं कमी क्षार असलेलं पाणी पट्टीला नीट दाखवता येत नाही. आमच्या लॅबमधला काचेच्या इलेक्ट्रोडचा मीटरसुद्धा अशा पाण्यात आकडा धरत नाही, सरकत राहतो.

आणि हे ताईंच्या गणितालाही लागू आहे. ५.६ म्हणजे 2.5 × 10⁻⁶ हायड्रोजन, आपल्या आम्लाच्या अडीचशे पट. उघड्या बीकरमध्ये ६.९८ शोधायला जाल तर हवेचंच आम्ल मोजाल.

रामबागची शिकवणी (इंदूर): म्हणजे टिपणात ‘२५ अंश, हवा वगळून’ असं लिहावं लागेल. मेमध्ये इथे वर्गातलं पाणीसुद्धा चाळीस अंशांच्या आसपास असतं.

पीथमपूरची मावशी: लिहाच. चाळीसला शुद्ध पाण्याचाच पीएच ६.७७ च्या आसपास असतो आणि तरी ते उदासीन असतं. ‘उदासीन म्हणजे सात’ हेही कुणीतरी तुमच्या मुलांना पढवलं असेल.

रामबागची शिकवणी (इंदूर): पढवलंय. शब्द ठेवते, पण असं लिहिते: ‘आम्लाच्या मानाने पाण्याचा वाटा नगण्य असेल तर’. खाली चौकटीत: 10⁻⁶ मोलरच्या खाली गेलात तर समीकरण मांडा.

ग्वाल्हेरचे तात्या: ‘मानाने’ आवडलं, चौकट नाही. मुलं 10⁻⁶ पाठ करतील आणि सौम्य आम्लालाही तोच आकडा लावतील.

पीथमपूरची मावशी: चौकट नसली तर परीक्षेत समीकरण मांडायचंच विसरतील. मी ठेवीन.