मुळं पाठ करा म्हणणाऱ्यांनो, एनर्व्हेटचं काय?

मूळ पोस्ट (शब्दफोड्या): इंग्रजीच्या सिनोनिम-अँटोनिम आणि वन वर्डसाठी हजारो शब्दांच्या याद्या घोकणं बंद करा. दीडशे लॅटिन-ग्रीक मुळं करा, कुठलाही अनोळखी शब्द फोडता येतो. वाक्य वाचण्यात वेळ घालवू नका.

पानगळ: हे वाचून गप्प बसवेना, कारण ह्याच सल्ल्याने माझा मार्क गेलाय. वाक्य साधारण असं होतं, की दमट हवेने खेळाडूंना एनर्व्हेट केलं आणि दुसऱ्या हाफमध्ये त्यांना धड धावताही येईना. अँटोनिम विचारला होता. पर्याय होते एक्झॉस्ट, इन्व्हिगरेट, इरिटेट आणि डिटेन. मी शब्द फोडला, एन अधिक नर्व्ह. एनरिच, एन्करेजमधला एन धरला, म्हणजे नर्व्ह भरणं, म्हणजे ताकद देणं. मग विरुद्ध काय तर एक्झॉस्ट, लावली खूण. खरा अर्थ नेमका उलटा, शक्ती काढून घेणं, म्हणजे उत्तर इन्व्हिगरेट आणि मी निवडलं ते चक्क सिनोनिम. धावता येईना हे वाक्यातच लिहिलेलं होतं हो, पण मी वाचलंच नाही कारण तुमच्यासारख्यांनी सांगितलेलं गरज नाही म्हणून.

शब्दफोड्या: चूक मुळाची नाही, तुमच्या फोडण्याची आहे. तिथे एन नाहीच, नुसता ई आहे, एक्सचं आखूड रूप, म्हणजे बाहेर. नर्व्हसचा लॅटिन अर्थ स्नायूला धरून ठेवणारा दोर, तो काढून घेतला की माणूस ढिला पडणारच. स्पेलिंग बघितलं असतं तरी कळलं असतं, एन अधिक नर्व्ह असतं तर एन अक्षर दोनदा आलं असतं, एनोबलमध्ये येतं तसं.

पानगळ: दोन एनची गोष्ट मला माहीत नव्हती, ते मान्य. पण हे सगळं आधी माहीत असेल तर तो शब्द अनोळखी कुठे राहिला?

खडूफळा: मी बरीच वर्षं हे शिकवते. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण शब्दफोड्या, "वाक्य वाचू नका" हे फार चुकीचं सांगताय. इन हा उपसर्गच घ्या. इनऑडिबलमध्ये तो नकार देतो, इनफ्लेमेबलमध्ये देत नाही, तिथे अर्थ पेट घेणारा असाच आहे. इनव्हॅल्युएबलमध्ये नकार आहे, पण किंमत करता येत नाही असा, म्हणून अर्थ अमूल्य. होमोचंही तेच, होमिसाइडमधला लॅटिन, माणूस, आणि होमोजीनियसमधला ग्रीक, सारखा. कुठला ते शब्दाकडे बघून कळत नाही. मी मुलांना सांगते की शब्दावर बोट ठेवून झाका, वाक्यावरून तिथे चांगला शब्द हवा की वाईट एवढं ठरवा, मग मूळ वापरून पडताळा. दोन्ही जुळले नाहीत तर वाक्याचं ऐका. आणि अँटोनिम असेल तर आधी शब्दाचा अर्थ कोपऱ्यात लिहा, कारण पर्यायांत सिनोनिम मुद्दाम ठेवलेला असतो.

रात्रपाळी: इनफ्लेमेबल निघालंच आहे तर सांगतो. मी गोदामात काम करायचो, नवीन पोरगा इनफ्लेमेबल लिहिलेल्या पिंपाशेजारी बिनधास्त वेल्डिंग करायला निघाला होता, त्याला वाटलं न पेटणारं. मुकादमाने ओरडून थांबवलं. म्हणूनच आता फ्लेमेबल लिहितात. मुळं शिकवणाऱ्यांनी हे आधी शिकवावं.

शब्दफोड्या: पोराने नुसता उपसर्ग बघितला, पूर्ण मूळ नाही.

रात्रपाळी: पिंपाशेजारी उभं राहून लॅटिन कोण आठवतं साहेब?

तिरपीरेघ: मला डिसइंटरेस्टेडबद्दल बोलायचंय. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा असं वाक्य, मी निःपक्षपाती लिहिलं, उत्तरतालिकेत कंटाळलेला! तक्रार केली तर म्हणाले शब्दकोशात तोही अर्थ आहे.

खडूफळा: आहे खरा, पण त्या वाक्यात तो बसत नाही. कंटाळलेला न्यायाधीश कोणाला हवा असतो?

शब्दफोड्या: तो अर्थ चूकच आहे, लोक अनइंटरेस्टेडशी घोळ घालतात.

पानगळ: लोक वापरतात तोच अर्थ होतो. नाहीतर नर्व्हस शब्दाचा अर्थ आजही दोरांनी भरलेला असा धरायचा का?

शब्दफोड्या: विषयांतर करू नका. पॅट्रिसाइड, फ्रॅट्रिसाइड, रेजिसाइड, बापाचा, भावाचा, राजाचा खून. शेवटचा तुकडा एकदा कळला की पुढचं सोपं. वन वर्डमध्ये वाक्य नसतंच, वर्णनच असतं, तिथे मुळांशिवाय काय आहे तुमच्याकडे?

खडूफळा: वन वर्डपुरतं मी मानते, नाइलाजाने का होईना. पण ईडियमचं काय करणार? स्पिल द बीन्समध्ये कुठलं मूळ शोधाल? शब्दशः अर्थाचा पर्याय तिथे हमखास असतो, शेंगा सांडणं, आणि पोरं तिथेच अडकतात.

शब्दफोड्या: ईडियम मी म्हटलंच नव्हतं. पोस्ट परत वाचा.

तिरपीरेघ: माझ्या मार्काचं कोणीच बोलत नाहीये.