मदत हवी आहे: आजीच्या निधनाचा मेसेज इंग्रजीत

परवा आजी गेली. परदेशातल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही म्हणून मेसेज इंग्रजीत करतोय, पण 'देवाज्ञा झाली' ला काय लिहू? शब्दशः केलं तर देवाने ऑर्डर सोडल्यासारखं वाटतं, 'एक्स्पायर्ड' तर औषधाच्या बाटलीवरचं, नकोच. सध्या 'पास्ड अवे पीसफुली' ठेवलंय, ती झोपेतच गेली त्यामुळे खोटंही नाही. 'शोकाकुल परिवार' ऐवजी नुसतं 'विथ लव्ह, द फॅमिली' चालेल का, की फार हलकं होतंय? प्रार्थना सभा रविवारी संध्याकाळी 5 ते 6, ऑनलाइन लिंकसोबत त्यांच्याकडची वेळ आणि वारही टाकतोय, नाहीतर मागच्या वेळसारखं कुणीतरी सभा संपल्यावर जॉइन होईल. 'प्रेयर मीटिंग' बरं की 'मेमोरियल'? भजन आणि दोन मिनिटं मौन, एवढंच आहे.